मूकपटातली माणसं इतकी धावतात का आणि इतके हातवारे का करतात?

दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची एखादी क्लिप इन्स्टाग्रामवर फिरते, तेव्हा त्याखालच्या कमेंट साधारण ठरलेल्या असतात. ‘सगळे एवढे घाईत का आहेत?’, ‘ओव्हरअॅक्टिंगचे शंभर रुपये कापा’, ‘मध्येमध्ये ही पाटी कशाला?’ क्लिप पाहून हसू येणं स्वाभाविक आहे. पण ज्या गोष्टींना आपण हसतो, त्यातल्या काही मूळ चित्रपटात नव्हत्याच. त्या नंतर, कॉपी करताना आणि चुकीच्या वेगाने चालवताना आल्या. उरलेल्या गोष्टी मात्र मुद्दाम केलेल्या होत्या आणि त्यामागे कारणं होती.

मूकपट नीट बघायचा असेल, तर बिघाड कोणता आणि पद्धत कोणती, हे ओळखता आलं पाहिजे. त्यासाठी वेग, पाट्या आणि अभिनय या तीन गोष्टी समजून घेतल्या तरी पुरे. फाळक्यांचेच दोन चित्रपट समोर ठेवून त्या पाहू.

आधी वेग: माणसं धावत नव्हती

त्या काळचा कॅमेरा मोटरवर नाही, हाताने चालायचा. कॅमेऱ्याच्या बाजूला एक हँडल असायचं. ते एकदा पूर्ण फिरवलं की साधारण आठ चित्रं, म्हणजे आठ फ्रेम, फिल्मवर उमटायच्या. कॅमेरामन सेकंदाला दोन फेरे देत असेल, तर सेकंदाला १६ फ्रेम झाल्या. हात थोडा जलद चालला तर १८ किंवा २०. त्यामुळे मूकपटाचा एकच एक ‘अधिकृत’ वेग नव्हता. एकाच चित्रपटातल्या दोन दृश्यांचा वेगही वेगळा असू शकायचा.

१९२०च्या दशकाच्या अखेरीला बोलपट आले आणि चित्र बदललं. आवाज फिल्मच्याच कडेला छापला जाऊ लागला. फिल्मचा वेग थोडा जरी कमीजास्त झाला, तर माणसाचा आवाज चिरका किंवा घोगरा व्हायचा. म्हणून सेकंदाला २४ फ्रेम हा वेग पक्का करावा लागला. त्यानंतरची बहुतेक यंत्रं त्याच वेगासाठी तयार झाली.

गोंधळ इथून सुरू होतो. १६ फ्रेमने टिपलेला चित्रपट २४ फ्रेमने चालवला, की प्रत्येक हालचाल दीडपट वेगाने दिसते. शांतपणे चालत येणारा राजा लगबगीने येतो. मान वळवणारी राणी मान झटकते. नमस्कारासाठी वाकलेला माणूस उडी मारल्यासारखा वाकतो आणि उठतो. म्हणजे नटाच्या अभिनयात आपल्याला जो भडकपणा वाटतो, त्यातला काही भाग निव्वळ या दीडपट वेगाचा असतो.

हे आकड्यांत तपासून पाहता येतं. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३७०० फूट होती असं सांगितलं जातं, आणि कालावधी सुमारे ४० मिनिटं. आता ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात. सेकंदाला १६ फ्रेमचा वेग धरला, तर दर सेकंदाला बरोबर एक फूट फिल्म पुढे सरकते. म्हणजे ३७०० फुटांना ३७०० सेकंद लागतील, साधारण ६२ मिनिटं. तीच फिल्म २४ फ्रेमने चालवली, तर ४१ मिनिटांत संपते. आपण ज्याला ४० मिनिटांचा चित्रपट म्हणतो, तो आकडा बोलपटाच्या वेगाशी जुळतो. मूकपटाच्या वेगाने तोच चित्रपट तासाभराचा होतो.

मग घरी बघताना हे ओळखायचं कसं? माणसांकडे पाहू नका, कारण नट मुद्दाम जलद हालत असू शकतो. ज्या गोष्टी अभिनय करत नाहीत, त्यांच्याकडे बघा. ओतलं जाणारं पाणी, वाऱ्याने हलणारा पदर, धूर, वर फेकलेली आणि खाली पडणारी वस्तू. त्या जर घाईत वाटल्या, तर वेग चुकलेला आहे. यूट्यूबवर प्लेबॅक स्पीड 0.75x करून तोच प्रसंग पुन्हा पाहा. २४च्या तीन चतुर्थांश म्हणजे १८ फ्रेम. अनेक जुन्या चित्रपटांच्या मूळ वेगाच्या हा बराच जवळचा आकडा आहे. मागे नंतर जोडलेलं संगीत असेल तर ते रडवेलं होईल, तेवढा आवाज बंद करा. फरक लगेच जाणवेल. माणसांना वजन येतं, चेहऱ्यावरचा भाव डोळ्यांत उतरायला वेळ मिळतो.

पण हा उपाय सगळीकडे चालत नाही. काही प्रतींमध्ये वेग दुरुस्त करण्यासाठी दर दुसरी फ्रेम दोनदा छापलेली असते, म्हणजे सेकंदाच्या १६ फ्रेमच्या २४ होतात. एकूण वेळ बरोबर येते, पण हालचाल अडखळत, गचके खात होते. अशी प्रत संथ केली, तर ती आणखी बिघडेल. शिवाय विनोदी पाठलागाची दृश्यं मुद्दाम हँडल हळू फिरवून टिपली जायची, म्हणजे पडद्यावर ती भरधाव दिसावीत. तिथली घाई दिग्दर्शकाला हवीच होती.

पाट्या कशासाठी?

दृश्य थांबतं, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येतात, पुन्हा दृश्य सुरू होतं. या मजकुराला टायटल कार्ड म्हणतात. मराठीत त्याला आपण सरळ पाटी म्हणू.

पाट्या दोन प्रकारच्या असतात. एक निवेदनाची. स्थळ, काळ, ‘इतकी वर्षं लोटली’, किंवा पुढे काय घडणार आहे ते सांगणारी. दुसरी संवादाची. पात्र जे बोललं, ते अवतरणचिन्हात लिहिलेली. सुरुवातीच्या चित्रपटांत निवेदनाच्या पाट्या जास्त असायच्या. संवादाच्या पाट्यांचं प्रमाण पुढे वाढत गेलं.

संवादाची पाटी कुठे घालायची, याचीही एक पद्धत तयार झाली. नट बोलायला सुरुवात करतो, ओठ हलताना दिसतात, तेवढ्यात पाटी येते, ती वाचून होते आणि आपण परत येतो तेव्हा नटाचं वाक्य संपत आलेलं असतं. पाटी दृश्याआधी घातली, तर कोण बोलतंय ते कळत नाही. दृश्य संपल्यावर घातली, तर नट काय बोलला ते उशिरा कळतं. मध्ये घातली की प्रेक्षकाला ते वाक्य त्या तोंडातून ऐकल्यासारखं वाटतं. आज मूकपट बघताना ‘हा माणूस बोलतोय ते सगळं लिहीत का नाहीत?’ असा प्रश्न पडतो. त्याचं उत्तर असं की, जे चेहऱ्यावरून आणि हातांवरून कळतंय ते लिहायचं नाही, हाच चांगल्या पाटीचा नियम होता. राजा रागावला आहे हे दिसतं. तो कशाची शपथ घेतोय हे दिसत नाही. म्हणून शपथेची पाटी येते, रागाची येत नाही.

फाळक्यांच्या चित्रपटांत आणखी एक गोष्ट आजच्या प्रेक्षकाला खटकते. पाटी बरेचदा पुढचा प्रसंग आधीच सांगून टाकते, म्हणजे आपल्या भाषेत स्पॉयलर. पण ‘राजा हरिश्चंद्र’ पाहायला आलेल्या माणसाला गोष्ट माहीत नव्हती असं थोडंच होतं? हरिश्चंद्र राज्य गमावणार, तारामती आणि रोहिताची ताटातूट होणार, शेवटी देव प्रकट होणार, हे कीर्तनात आणि नाटकात त्याने अनेकदा ऐकलं-पाहिलं होतं. ‘पुढे काय?’ ही उत्सुकता नव्हतीच. ‘ते पडद्यावर कसं दाखवलंय?’ ही होती. पाटी सांगायची की आता अमुक प्रसंग येतोय, आणि प्रेक्षक तो बघायला सरसावून बसायचा. कीर्तनकार आधी आख्यानाचं नाव सांगतो, म्हणून कोणी उठून जात नाही, तसंच हे.

एक पाटी, दोन भाषा

भारतात पाटीपुढे एक वेगळी अडचण होती. प्रेक्षक एका भाषेचे नव्हते. मुंबईत एकाच थिएटरात मराठी, गुजराती, हिंदी, उर्दू बोलणारे बसायचे आणि त्यातल्या अनेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणून इथल्या मूकपटांत एकाच पाटीवर दोन किंवा जास्त भाषांतला मजकूर दिसतो. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आज पाहायला मिळणाऱ्या भागात इंग्रजीसोबत देवनागरी मजकूर आहे.

याचा परिणाम चित्रपटाच्या लयीवर होतो. समजा, एक पाटी वाचायला दहा सेकंद लागतात असं धरलं. १६ फ्रेमच्या वेगाने ती दहा फूट फिल्म खाते. हजार फुटांच्या एका रिळात अशा वीस पाट्या असतील, तर दोनशे फूट, म्हणजे पाचवा हिस्सा, फक्त वाचण्यात जातो. पाटी किती वेळ ठेवायची, हे जलद वाचणाऱ्यावर ठरवता येत नाही. अक्षर जुळवत वाचणाऱ्यासाठीही ती थांबावी लागते. म्हणून आज मोबाइलवर वाचण्याची सवय असलेल्या माणसाला मूकपटातल्या पाट्या फार रेंगाळतात असं वाटतं. त्या त्याच्यासाठी नव्हत्याच. शेजाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या माणसासाठी होत्या.

कारण मूकपटाचं थिएटर कधीच शांत नसायचं. पडद्याजवळ पेटी-तबला वाजवणारे असायचे, पाट्या मोठ्याने वाचून दाखवल्या जायच्या. जपानमध्ये तर पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणाऱ्या, सगळ्या पात्रांचे आवाज काढणाऱ्या निवेदकांची मोठी परंपराच होती. त्यांना ‘बेन्शी’ म्हणत. काही बेन्शी नटांइतकेच लोकप्रिय होते. आपण आज हेडफोन लावून, निःशब्द, एकट्याने मूकपट बघतो. असा तो तेव्हा क्वचितच कोणी पाहिला असेल.

पाट्यांबाबतही बिघाड आणि पद्धत वेगळी करावी लागते. काही जुन्या प्रतींमध्ये पाटी डोळ्यांसमोरून झटकन निघून जाते, वाचताच येत नाही. ती संकलकाची चूक नसते. परदेशी पाठवायच्या निगेटिव्हमध्ये फिल्म वाचवण्यासाठी पाटीच्या मोजक्याच फ्रेम ठेवल्या जायच्या. त्या देशात गेल्यावर त्याजागी तिथल्या भाषेतली पूर्ण लांबीची पाटी घालायची, असा हिशेब होता. अशा निगेटिव्हवरून थेट प्रत काढली गेली, तर पाटी विजेसारखी चमकून जाते. व्हिडिओ तिथे पॉज करणं एवढाच उपाय आपल्या हातात असतो.

आणि पाटीच्या कोपऱ्यात दिसणारं कंपनीचं नाव किंवा चिन्ह ही निव्वळ सजावट नव्हती. चोरून प्रती काढणाऱ्यांना आळा घालण्यासाठी ते असायचं. फ्रान्सच्या पाते कंपनीचा कोंबडा पाट्यांवरच नाही, तर दृश्यातल्या सेटच्या भिंतीवरही लावलेला दिसतो. आजच्या व्हिडिओच्या कोपऱ्यातल्या वॉटरमार्कचा तो पणजोबा.

आता अभिनय: एवढे हातवारे का?

पहिलं कारण अगदी साधं आहे. कॅमेरा दूर होता.

सुरुवातीच्या काळात कॅमेरा एका जागी उभा करायचे आणि नट डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत दिसेल एवढं अंतर ठेवायचे, प्रेक्षक नाटकाला बसल्यासारखं. माणसाच्या उंचीत त्याचं डोकं साधारण सात-आठ वेळा मावतं. म्हणजे पूर्ण माणूस चौकटीत बसवला, की चेहरा चौकटीच्या उंचीच्या आठव्या भागाएवढा उरतो. दहा फूट उंच पडद्यावर हा चेहरा सव्वा फुटाचा होईल. आडव्या धरलेल्या मोबाइलवर मात्र तो एक सेंटिमीटरसुद्धा भरणार नाही. इतक्या लहान चेहऱ्यावर भुवई उंचावून भागत नाही. दुःख खांद्यांतून, हातांतून, गुडघ्यांतून दाखवावं लागतं.

दुसरं कारण फिल्मचं. त्या काळच्या फिल्मला लाल रंग जवळपास दिसतच नव्हता. लाल वस्तू काळी उमटायची आणि फिकट निळी पांढरी पडायची. म्हणून निरभ्र आकाश कोऱ्या कागदासारखं दिसतं. त्वचेतल्या लालसर छटा काळवंडायच्या, चेहऱ्यावरचे डाग ठळक व्हायचे. त्यामुळे चेहऱ्याला पांढरट थर द्यायचे आणि डोळे काजळाने ठसठशीत करायचे. त्यात सावल्यांचे बारकावे कमी उमटायचे. ही प्रत आणखी दहा वेळा कॉपी झाली, की मधल्या करड्या छटा गळून जातात. उरतात फक्त पांढरा चेहरा आणि दोन काळे डोळे. नट भुतासारखा डोळे वटारतोय असं वाटतं, त्यात मेकअप, फिल्म आणि खराब प्रत तिघांचा हात असतो. १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात सगळ्या रंगांना प्रतिसाद देणारी फिल्म सर्रास वापरात आली, तेव्हा हा पांढरा थर उतरायला लागला.

तिसरं कारण मात्र सवयीचं आणि परंपरेचं आहे. हातवारे ही एक ठरलेली भाषा होती. छातीवर हात म्हणजे निष्ठा किंवा वेदना, कपाळावर उलटा हात म्हणजे हताशा, वर उचललेले दोन्ही हात म्हणजे देवाचा धावा. युरोप-अमेरिकेच्या रंगभूमीवर अशा मुद्रांची पुस्तकं होती आणि नट त्या शिकत. आपल्याकडे तर हे नवीन नव्हतंच. कीर्तन, दशावतार, संगीत नाटक बघणाऱ्या माणसाला मुद्रा वाचायची सवय होती. त्याला हे ‘ओव्हर’ वाटत नव्हतं. नाटकातला नट गाण्यातून बोलतो, हे जसं कोणाला खोटं वाटत नव्हतं, तसंच.

‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झालेले अण्णा साळुंके मुळात एका हॉटेलात स्वयंपाकी होते. चित्रपटात काम करायला बाई मिळाली नाही, म्हणून फाळक्यांनी त्यांना घेतलं. पुढे १९१७च्या ‘लंका दहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांनीच केल्या. पुरुषाने स्त्रीची भूमिका करताना चाल, मान तुकवणं, पदर सावरणं हे थोडं ठळकच करावं लागायचं, आणि ही रीतही रंगभूमीवरून आली होती. तारामतीच्या हालचाली ‘जास्त’ वाटतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

सात वर्षांची मुलगी आणि सगळ्या भावांची परीक्षा

हे सगळं एकत्र पाहायचं असेल, तर फाळक्यांचाच १९१९ सालचा ‘कालिया मर्दन’ सगळ्यात सोयीचा आहे. यात बाळकृष्ण झाली आहे फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. तेव्हा ती साधारण सात वर्षांची होती.

गोष्ट सुरू होण्याआधी फाळके एक वेगळीच गोष्ट करतात. ते मंदाकिनीला कृष्णाच्या वेशात नाही, तर साध्या कपड्यांत कॅमेऱ्यासमोर आणतात. इथे कॅमेरा जवळ आहे, चेहरा मोठा दिसतो. ती एकामागून एक भाव करून दाखवते. कधी राग, कधी हसू, कधी शांतपणा. आणि मग याच चेहऱ्याचं चित्र हळूहळू विरघळत कृष्णात बदलतं.

हे काय आहे? प्रेक्षकाला दिलेली सूचनाच म्हणायची. ही आमची मुलगी, हिचा चेहरा नीट बघून घ्या, आता ती कृष्ण होणार. फाळके नटाला लपवत नाहीत, आधी दाखवतात. अभिनय म्हणजे खऱ्या आयुष्याची नक्कल अशी फसवणूक इथे करायचीच नाही. अभिनय हे एक कसब आहे आणि ते उघडपणे बघण्यासारखं आहे, असा हा करार आहे. हा करार लक्षात घेतला, की पुढचा चित्रपट वेगळा दिसतो.

आणि यात आणखी एक गोष्ट लक्षात येते. सुरुवातीला कॅमेरा जवळ असताना मंदाकिनी भाव चेहऱ्याने दाखवते. गोष्ट सुरू झाली, कॅमेरा मागे गेला, की तीच मुलगी सगळं शरीर वापरते. खोड्या काढणारा कृष्ण हात, मान, उड्या यांतून दिसतो. म्हणजे तिला बारीक अभिनय येत नव्हता असं नाही. कॅमेरा जिथे उभा होता, त्या अंतराला जो अभिनय पोचेल, तो ती करत होती.

चित्रपटाच्या शेवटाकडे कृष्ण यमुनेत उडी घेतो. पाण्याखाली कालियाशी झुंज चालते आणि फाळके मध्येमध्ये काठावर जमलेल्या लोकांकडे जातात. खाली झुंज, वर लोकांची घालमेल, पुन्हा खाली. काठावरचे लोक ऊर बडवतात, हात पसरतात, कोणी पाण्यात झेपावू पाहतं. तेवढाच तुकडा कापून रील केला, तर ते हास्यास्पद वाटेल. पण झुंजीच्या दोन तुकड्यांच्या मधे तो आला, की त्याचं काम कळतं. काठावरची माणसं थिएटरातल्या प्रेक्षकाची घालमेल पडद्यावर मांडतात. इथे पाटीची फारशी गरजच राहत नाही. आई काय म्हणत असेल, हे लिहून सांगावं लागत नाही.

म्हणून मूकपटाची पंधरा सेकंदांची क्लिप बघून नटाबद्दल मत बनवू नये. हातवारा त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दृश्याला चिकटलेला असतो.

अभिनय बारीक कसा झाला?

कॅमेरा पुढे सरकला, तसे हात खाली आले. अमेरिकेत डी. डब्ल्यू. ग्रिफिथच्या चित्रपटांत हा बदल काही वर्षांतच घडताना दिसतो. त्याच्या १९०८च्या छोट्या चित्रपटांत नट दोन्ही हात आकाशाकडे फेकतात. १९१९च्या ‘ब्रोकन ब्लॉसम्स’मध्ये लिलियन गिशने छळ सोसणाऱ्या मुलीची भूमिका केली आहे. बाप तिला हसायला सांगतो. तिला हसू येतच नाही, म्हणून ती दोन बोटांनी ओठांचे कोपरे वर ढकलते. एवढीशी हालचाल, पण चेहरा जवळून दिसत असल्याने ती पोचते.

१९२४ साली जर्मनीत एफ. डब्ल्यू. मुर्नाऊने ‘द लास्ट लाफ’ केला. एका हॉटेलच्या म्हाताऱ्या दरवानाची गोष्ट, आणि त्यात संवादाची पाटी नाही. जवळपास अख्खा चित्रपट पाटीशिवाय चालतो, फक्त शेवटाआधी एक निवेदनाची पाटी येते. दरवानाची नोकरी जाते हे त्याच्या पाठीच्या कण्यावरून कळतं. रुबाबदार गणवेशात ताठ असलेला एमिल यानिंग्ज गणवेश उतरल्यावर अक्षरशः लहान होतो. हाही मोठा, ठळक अभिनयच आहे. पण आज कोणी त्याला हसत नाही, कारण चांगली प्रत उपलब्ध आहे आणि ती योग्य वेगाने दाखवली जाते.

नेमकं हेच भाग्य आपल्याकडच्या चित्रपटांना मिळालं नाही. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट तयार झाले असं मानलं जातं, आणि त्यातले अगदी मोजके, तेही बहुतेक तुकड्यांत, उरले आहेत. ‘राजा हरिश्चंद्र’चे पहिलं आणि शेवटचं रीळ पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहे, पण ती रिळं १९१३च्या मूळ चित्रपटाची की फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा केलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ हा शेतकऱ्याच्या कर्जावरचा मूकपट वास्तववादी चित्रणासाठी नावाजला गेला. १९२५चा तो मूकपट आज पाहायला मिळत नाही. त्यामुळे ‘मराठी मूकपटातले नट असेच करायचे’ असं ठाम विधान करायला आपल्याकडे पुरेसा ऐवजच नाही. हाती आहेत ती सुरुवातीच्या काळातली पौराणिक चित्रपटांची काही रिळं. १९१३ ते १९३१ या काळात अभिनय किती बदलला, याचा मधला पुरावाच बराचसा नाहीसा झाला आहे.

बघताना काय कराल?

मूकपट लावलात, तर आधी पाणी किंवा कापड बघून वेग तपासा आणि गरज असेल तर कमी करा. शक्य असेल तर टीव्हीवर लावा, म्हणजे चेहरा दिसण्याएवढा होईल. पाटी आली की ती मनातल्या मनात नाही, तोंडाने वाचा. ती तेवढा वेळ का थांबते, ते कळेल. आणि एखादा हातवारा जास्त वाटला, तर कॅमेरा किती दूर आहे ते पाहा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात ‘आलम आरा’ लागला आणि पडद्यावरची माणसं बोलायला लागली. पुढच्याच वर्षी प्रभातने पहिला मराठी बोलपट आणला, ‘अयोध्येचा राजा’. गोष्ट तीच, हरिश्चंद्राची. दिग्दर्शक व्ही. शांताराम, हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे आणि तारामती झाल्या दुर्गा खोटे. आता तारामतीसाठी पुरुष शोधावा लागला नाही. हातवारेही कमी करता आले, कारण आवाज होता.

पण एक काम वाढलं. मूकपटाची भाषा बदलायची, तर पाट्या बदलल्या की झालं. तोच चित्रपट नव्या गावात, नव्या लिपीत चालायचा. भाषा पाटीवरून नटाच्या तोंडात आली आणि ती सोय संपली. प्रभातला हरिश्चंद्राची तीच गोष्ट हिंदी प्रेक्षकांसाठी ‘अयोध्या का राजा’ म्हणून हिंदीत वेगळी चित्रित करावी लागली.